एकाच चिंतेच्या चार पंज्या

पैशाची चिंता घेऊन माणूस टॅरोच्या पत्त्यांसमोर बसतो तेव्हा त्याच्या मनात प्रश्न एकच असतो: भागेल का? ७८ पत्त्यांपैकी एकही पत्ता याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. पत्ता फक्त सूर लावून देतो. उत्तर धीर देणारं असेल की टोचणारं, ते हिशेबाच्या वहीकडे नेईल की घरात कुणी न बोललेल्या गोष्टीकडे, हे बरंचसं पत्त्याच्या रंगावर ठरतं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे जसे रंग, तसे टॅरोतही चार: वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वॉर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. काठ्यांना अग्नी, पेल्यांना पाणी, तलवारींना हवा आणि नाण्यांना माती, अशी त्यांची तत्त्वं मानली जातात. प्रत्येक रंगात १४ पत्ते, म्हणजे एकूण ५६. उरलेले २२ पत्ते या चौकडीबाहेरचे, त्यांना इथे बाजूला ठेवू.

रंगानं सूर कसा बदलतो हे बघायचं तर एकच आकडा घ्यावा आणि तो चारही रंगांत पाहावा. मी पंजी घेते, कारण टॅरोत पाच हा अडचणीचा आकडा आहे. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनानं जो संच काढला, तो आज जगात सर्वांत जास्त वापरला जातो. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. आधीच्या बहुतेक संचांत पंजीवर नुसत्या पाच काठ्या किंवा पाच नाणी मांडलेली असत. पामेलानं प्रत्येक साध्या पत्त्यावर माणसं आणली, प्रसंग आणला. त्यामुळे रंगाचा स्वभाव डोळ्यांना दिसू लागला.

नाण्यांची पंजी बघा. बर्फ पडतोय. दोन दरिद्री माणसं चाललीत; एक कुबड्यांवर, त्याच्या गळ्यात घंटा. मागे देवळाची रंगीत काचेची खिडकी उजळलेली आहे आणि त्या काचेतच पाच नाणी आहेत. खिडकी दिसते, दार मात्र चित्रात कुठेही नाही. हा मातीचा सूर. माती अंगाला लागणाऱ्या गोष्टींबद्दल बोलते: भाडं, वाणसामान, औषध, चप्पल. ती घाई करत नाही आणि खोटं सांत्वनही करत नाही. या पत्त्यावरून येणारं उत्तर काहीसं असं: ‘अडचण खरी आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. या महिन्यात काय कमी पडणार आहे ते वस्तूंच्या नावांनी सांगा. आणि मदत जवळ असूनही कुठलं दार तुम्हाला दिसत नाहीये?’

पेल्यांची पंजी. काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी. समोर तीन पेले उपडे, पाठीमागे दोन उभे. पलीकडे नदी, तिच्यावर पूल. वेट यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात या पत्त्याचा एक अर्थ दिलाय तो वाचून मी थक्क झाले होते: वारसा, वडिलोपार्जित मिळकत, पण अपेक्षेइतकी नाही. म्हणजे हा शोक नुसत्या प्रेमभंगाचा नाही, वाटणीचाही असू शकतो. पाण्याचा सूर पैशाकडे नात्याच्या वाटेनं येतो. इथे उत्तर विचारतं, ‘गेलेल्या रकमेचं दुःख आहे, की ती ज्यानं घालवली त्याचं?’ बोलणं मऊ होतं, भूतकाळात जातं, आणि ‘दोन अजून उभे आहेत’ हे शेवटी, हळूच सांगितलं जातं. ते आधी सांगितलं तर समोरच्याला ऐकूच येत नाही.

तलवारींची पंजी या चौघींत सर्वांत कडू. फाटक्या ढगांखाली एक माणूस तीन तलवारी हातात घेऊन मागे वळून बघतोय, चेहऱ्यावर जिंकल्याची मिजास. दोन तलवारी जमिनीवर पडलेल्या, दोन माणसं खाली मान घालून निघून चाललीत. हवेचा सूर भेद करतो: कोण जिंकलं, कशाच्या बदल्यात, कागदावर काय लिहिलंय, बोलण्यात काय ठरलं होतं. तिथे उत्तर छोट्या वाक्यांत येतं. ‘या व्यवहारात कुणीतरी तुमच्यापेक्षा जास्त माहिती ठेवून होतं. करार पुन्हा वाचा. जे गेलं ते मिळवण्यासाठी भांडण्याचा खर्च किती, तो आधी मांडा.’

आणि काठ्यांची पंजी: पाच तरुण काठ्या उगारून एकमेकांवर तुटून पडलेत, पण कुणाला लागलेलं दिसत नाही. वेट यांनी ही लुटुपुटूची लढाई म्हटली आणि तिचा संबंध थेट संपत्तीमागच्या धडपडीशी, चढाओढीशी जोडला. काही जुन्या अर्थांत तर हा सोन्याचा, नफ्याचा पत्ता ठरतो. अग्नीचा सूर क्रियापदांचा. ‘गर्दीत आहात. तुमचा दर सांगा. आजच दोन फोन करा.’ भीतीला तो फार जागा देत नाही, आणि तीच त्याची ताकद आणि तोच त्याचा धोका.

आकडा तोच, चिंता तीच, पण ऐकणाऱ्याच्या शरीरात होणारा बदल चार जागी चार तऱ्हेचा. मातीनं खांदे खाली येतात, पाण्यानं गळा दाटतो, हवेनं कपाळाला आठ्या पडतात, अग्नीनं माणूस खुर्चीतून उठायला लागतो.

इथे नव्या शिकणाऱ्याची पहिली चूक होते. नाणी म्हणजे पैसा हे पाठ झालेलं असतं, म्हणून पैशाच्या प्रश्नाला तो नाण्यांचीच वाट बघतो. तीन पत्ते मांडले तर त्यांत एकही नाणं न येण्याची शक्यता किती? ६४ भागिले ७८, गुणिले ६३ भागिले ७७, गुणिले ६२ भागिले ७६. उत्तर जवळजवळ ५५ टक्के. निम्म्याहून अधिक वेळा पैशाच्या प्रश्नासमोर नाण्यांचा एकही पत्ता नसतो! तिन्ही नाणीच येण्याचा योग तर साधारण २०९ मांडण्यांत एकदा. पत्ते हे प्रश्नाचा विषय ओळखून वर येत नाहीत, ते पिसल्याप्रमाणे येतात. म्हणून विषय प्रश्नाकडून घ्यायचा आणि सूर रंगाकडून, ही विभागणी मनात पक्की हवी. पेले आले तर प्रश्न प्रेमाचा होत नाही. पैशाचाच राहतो, फक्त पाण्यातून दिसतो.

नाणी आणि तलवारी पत्त्यांवर आल्या कुठून, ही वाट फार लांबून येते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातला एक संच आहे. त्यात नाणी, पेले, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या हे चार रंग आहेत. ते पत्ते इटलीत पोचले तेव्हा पोलो तिथे कुणाच्या परिचयाचा नव्हता, काठ्या नुसत्या सोट्यासारख्या झाल्या. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत या चार रंगांना चित्रपत्त्यांची जोड मिळाली आणि टॅरो जन्माला आला, भविष्यासाठी नाही, डाव खेळण्यासाठी. आपल्याकडे सावंतवाडीला आजही हातानं रंगवला जाणारा गंजिफाही याच मोठ्या कुटुंबातला. त्याच्या मोगली संचात आठ रंग, एकूण ९६ पत्ते, आणि त्यांत चांदीचं नाणं, सोन्याचं नाणं, तलवार आणि चक्क पैसे देण्याचा लेखी हुकूम, बरात, हा एक रंग! पैसा आणि कागद हे दोन वेगळे स्वभाव आहेत, हे त्या पत्त्यांनी किती आधी ओळखलं होतं.

तत्त्वं मात्र फार उशिरा आली. पत्त्यांवरून भाकीत करण्याची रीत फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजली, रंगांना चार तत्त्वं जोडण्याचं काम एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही आणि त्याच्या मागून आलेल्या गूढवाद्यांनी केलं, आणि त्याची पक्की व्यवस्था लावली ती लंडनच्या गोल्डन डॉन या १८८८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीनं. वेट आणि पामेला दोघंही या मंडळीत होते. आजही काही संच अग्नी तलवारींना आणि हवा काठ्यांना देतात, म्हणून संच हाती घेतला की तो कुठली व्यवस्था मानतो हे आधी बघावं लागतं. आपली पंचमहाभूतंही त्यावर जशीच्या तशी बसवू नयेत. आयुर्वेदातला वात कोरडा आणि थंड आहे. टॅरोतली हवा ग्रीक आहे, आणि ती उष्ण आणि ओलसर आहे.

हा ओलसरपणा क्षुल्लक वाटेल, पण सगळ्या रचनेची किल्ली त्यातच आहे. ॲरिस्टॉटलनं चार तत्त्वांना चार गुण जोडीजोडीनं दिले. अग्नी उष्ण आणि कोरडा. हवा उष्ण आणि ओली. पाणी थंड आणि ओलं. माती थंड आणि कोरडी. आता बघा: अग्नी आणि पाणी यांच्यात एकही गुण समान नाही. हवा आणि माती यांच्यातही नाही. बाकी कुठलीही जोडी घ्या, एक गुण सामाईक निघतो; अग्नी-हवा उष्णतेनं, अग्नी-माती कोरडेपणानं, पाणी-माती थंडपणानं, पाणी-हवा ओलेपणानं. गोल्डन डॉनचा नियम नेमका असाच आहे. काठ्या आणि पेले एकमेकांना दुबळे करतात, तलवारी आणि नाणी एकमेकांना दुबळे करतात, बाकी जोड्या मित्र, आणि एकाच रंगाचे शेजारी एकमेकांना अतोनात बळ देतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका तत्त्वज्ञानं पदार्थांविषयी जे मांडलं, ते लंडनच्या एका खोलीत पत्त्यांच्या शेजारधर्माचा नियम झालं. हे मला प्रथम उमगलं तेव्हा मी बराच वेळ नुसते पत्ते फिरवून जोड्या बघत बसले होते.

या नियमामुळे एकटा पत्ता सूर लावतो आणि शेजारी तो चढवतात किंवा उतरवतात. एक मांडणी पूर्ण करून बघू. 

समजा, ठाण्यातली एक शिक्षिका. पगार ४६,००० रुपये, घराचा हप्ता २१,०००. नवऱ्याची नोकरी गेली आहे. क्रेडिट कार्डावर ४०,००० थकलेत. बँकेत १,५०,००० ची मुदत ठेव आहे, ती मोडायची नाही असं घरात लहानपणापासून ऐकलेलं. धाकट्या भावाला पूर्वी ८०,००० दिलेत, ते परत मागितलेले नाहीत. प्रश्न: ‘या ओढाताणीत मी काय बघायला हवं?’ डावीकडे तलवारींची नव्वी, उजवीकडे नाण्यांची चौकी, मधे पेल्यांची छक्की.

डावा पत्ता: अंथरुणात उठून बसलेली, चेहरा ओंजळीत लपवलेली व्यक्ती, मागच्या काळोखावर नऊ तलवारी. उजवा: एक माणूस नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक डोक्यावर, दोन पायांखाली, हलला तर काहीतरी निसटणार. हवा आणि माती, म्हणजे शत्रू. नवशिका याचा अर्थ ‘वाईट आणि वाईट’ असा लावेल. नियम वेगळं सांगतो: हे दोन एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. ती रात्री जागून हिशेब करते, पण हिशेब मुदत ठेवीच्या दारात थांबतो. आणि ठेव कवटाळलेली आहे, पण तिच्याकडे आकडेमोडीच्या नजरेनं कधी पाहिलेलं नाही. आकडेमोड तर अशी आहे: कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ४०,००० वर १,४०० रुपये जातात. तेवढीच रक्कम ठेवीत वर्षाला सात टक्क्यांनी पडून असेल तर महिन्याला सुमारे २३३ रुपये मिळवते. हवेला हे सांगता आलं असतं, पण मातीशी तिचं बोलणं बंद आहे.

मधला पत्ता दोघांचाही मित्र असेल तर तो मध्यस्थ होतो. पाणी हवेचंही मित्र आणि मातीचंही. पेल्यांच्या छक्कीवर जुन्या अंगणात एक मोठं मूल लहान मुलाला फुलांनी भरलेला पेला देतंय. ही थोरली बहीण आहे! उत्तराचा सूर आता ठरला. आकडे सांगायचे, पण आकड्यांपासून सुरुवात करायची नाही. सुरुवात अशी होईल: ‘ठेव मोडायची नाही हे कुणी सांगितलं होतं, आणि कुठल्या प्रसंगातून? त्यांना ही १,४०० ची गोष्ट कळली असती तर ते काय म्हणाले असते?’ मग: ‘भावानं “ताई, देतो” म्हटल्यावर तुम्ही गप्प राहिलात ते माया म्हणून, की मागितलं तर नातं तुटेल म्हणून?’ एवढं झाल्यावर व्याजाचा कागद पुढे सरकवायचा. तोच कागद पहिल्यांदा सरकवला असता तर तिला त्यात आपली चूक दिसली असती आणि नव्वीच्या काळोखात दहावी तलवार टांगली गेली असती.

आता बाहेरचे दोन्ही पत्ते तसेच ठेवा आणि मधे पेल्यांच्या जागी काठ्यांची तिर्री घाला. एक माणूस कड्यावर पाठमोरा उभा, खाली समुद्रात गलबतं चाललीत. वेट यांनी याला व्यापाराचा पत्ता म्हटलंय. अग्नीही हवा आणि माती या दोघांचा मित्र, म्हणून मध्यस्थी इथेही होते, पण सूर पार पालटतो. भूतकाळ संपतो. ‘कुठली गलबतं सोडलीत आणि परतलेली नाहीत? नवऱ्याचे अर्ज, भावाकडची रक्कम, तुमच्या शिकवण्या. प्रत्येकाला तारीख लावा. आणि ठेवीतले ४०,००० मोकळे करून कार्ड या आठवड्यात फेडून टाका.’ माहिती तीच, तीच बाई, तोच १,४०० चा आकडा. पहिल्या मांडणीत ती रडून हलकी होईल, दुसऱ्यात ती घरी जाताना फोन लावेल.

कुठलं उत्तर बरोबर? पत्ते पिसताना तिच्या बँकेच्या खात्याची त्यांना माहिती नव्हती, आणि व्याजाचा दर कुठलाच रंग बदलू शकत नाही. तत्त्व ठरवतं ते इतकंच की खरी माहिती कुठल्या दारानं आत येईल. म्हणून माहिती आधी विचारून घ्यावी लागते, आणि हप्ते थकायला लागलेल्या माणसाला पत्त्यांच्या आधी बँकेशी बोलायला सांगावं लागतं.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा अग्नीत. काठ्यांचा सूर सुखद असतो, ऐकणाऱ्याला उभारी येते, आणि सांगणारा नकळत सुराचं आश्वासन करून टाकतो: ‘गुंतवा, फिटेल.’ कर्जातल्या माणसाला याहून धोक्याचं वाक्य नाही. उत्तरात भविष्यातली रक्कम आली, अमुक तारखेला पैसे येतील असं आलं, किंवा पैशाची अडचण दूर करायला आणखी पैसे भरून उपाय करायला सांगितलं, की समजावं इथे टॅरो संपला आणि फसवणूक सुरू झाली. पाण्यातला बिघाड निराळा: सांत्वन इतकं लांबतं की हप्त्याचा विषयच राहून जातो. हवेत सांगणारा न्यायाधीश होतो. मातीत तो इतका जड होतो की समोरचा आणखी खचतो. आणि पंज्यांची ती चित्रं काढणाऱ्या पामेलालाही पैशाची ही चिंता ठाऊक होती. नोव्हेंबर १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात तिनं सांगितलंय की फार मोठं काम पुरं केलं आणि त्याचे पैसे अगदीच थोडे मिळाले.

सूर खरोखर रंगातून आलाय की सांगणाऱ्याच्या सवयीतून, हे तपासायला एक साधी रीत आहे. उत्तर कागदावर लिहा, त्यात पत्त्याचं नाव आणि चित्र येऊ देऊ नका. मग तो कागद टॅरो जाणणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या आणि रंग ओळखायला सांगा. ओळखता आला नाही तर ते उत्तर कुठल्याही पत्त्याखाली चाललं असतं. बरेच जण इथे स्वतःविषयीच काहीतरी शिकतात: कुणाचे चारही रंग पाण्यासारखे निघतात, कुणाच्या पेल्यांतही तलवारी वाजतात. असं निघालं तर आठवडाभर फक्त चार पंज्या घ्याव्यात, एकच पैशाचा प्रश्न चारदा लिहावा, आणि प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य एवढंच पुन्हा पुन्हा घडवावं. मातीचं पहिलं वाक्य वस्तूचं नाव घेऊन सुरू होतं का, अग्नीचं क्रियापदानं संपतं का, एवढं बघितलं तरी रंग वेगळे व्हायला लागतात.